मामांचे 1,400 शेअर

नव्या कंपनीत गुंतवणूकदार पैसे घालतो, तेव्हा सहसा तो जुन्या मालकांच्या हातातले शेअर विकत घेत नाही. कंपनी नवे शेअर काढते, ते त्याला देते आणि पैसा कंपनीच्या खात्यात जमा होतो. जुन्या भागधारकाकडे जेवढे शेअर होते तेवढेच राहतात. त्यातला एकही कुणी काढून घेत नाही. मात्र कंपनीच्या एकूण शेअरांची संख्या वाढते आणि म्हणून त्याचा टक्का खाली येतो. याला डायल्यूशन म्हणतात. शेअरांचे विभाजन झाले किंवा बोनस शेअर दिले तरी शेअरांची संख्या वाढते, पण ती सगळ्यांची एकाच प्रमाणात वाढते, त्यामुळे टक्क्याला धक्का लागत नाही. डायल्यूशन होते ते नवे शेअर काहींनाच मिळतात आणि इतरांना मिळत नाहीत तेव्हा.

टक्का उतरला म्हणजे नुकसान झाले, असा समज सर्रास आढळतो. त्याच्या उलट, ‘टक्का गेला तरी किंमत वाढते, काळजी कशाला’ हे आश्वासनही तितकेच सर्रास दिले जाते. दोन्ही अर्धवट आहेत. टक्क्याचा उतार हा निव्वळ भागाकार आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कुणालाही तो जमतो. खरे नुकसान होते ते त्या भागाकारात न दिसणाऱ्या, कराराच्या पंधराव्या-विसाव्या पानावर असलेल्या अटींमधून. हे समजण्यासाठी एकच कंपनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे सोयीचे.

समजा, पुण्यात दोघा मित्रांनी शीतगृहांतल्या तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेची कंपनी काढली. दोघांकडे मिळून 12,600 शेअर आहेत. पहिले यंत्र बनवायला पैसे हवेत आणि बँक कर्ज देत नाही. तेव्हा एकाचे मामा निवृत्तीच्या पैशातून 14 लाख रुपये देतात. कंपनीची त्या क्षणाची किंमत 1 कोटी 26 लाख धरायची असे आपसांत ठरते. म्हणजे एका शेअरला 1,000 रुपये पडतात आणि मामांना 1,400 नवे शेअर मिळतात. आता एकूण शेअर 14,000 झाले आणि मामांचा हिस्सा बरोबर 10 टक्के.

या व्यवहारात दोन किमती आहेत आणि पुढच्या प्रत्येक फेरीत त्या दोन्ही येतात. पैसे येण्याआधी कंपनीची जी किंमत धरली ती ‘प्री-मनी’, इथे 1 कोटी 26 लाख. त्यात आलेले पैसे मिळवले की ‘पोस्ट-मनी’, म्हणजे 1 कोटी 40 लाख. नव्या माणसाचा टक्का नेहमी पोस्ट-मनीवर निघतो. शेअरचा भाव मात्र प्री-मनीला आधीच्या शेअरांच्या संख्येने भागून निघतो. हे वाक्य नीरस वाटले तरी पहिला सापळा त्याच्याच शेवटच्या पाच शब्दांत आहे: आधीचे शेअर नेमके किती धरायचे?

वर्षभरात पाच-सहा शीतगृहे ग्राहक झाली आणि सीड फेरी आली. एक फंड 2 कोटी रुपये द्यायला तयार आहे. प्री-मनी 8 कोटी, पोस्ट-मनी 10 कोटी, म्हणजे फंडाला 20 टक्के. साधा हिशेब केला तर शेअरचा भाव 8 कोटी भागिले 14,000, म्हणजे 5,714 रुपये. पण फंडाच्या प्रस्तावात आणखी एक ओळ असते: कर्मचाऱ्यांसाठी ईसॉपचा राखीव साठा तयार करावा आणि तो फेरीनंतरच्या एकूण शेअरांच्या 10 टक्के असावा. कुशल माणसे मोठ्या पगाराशिवाय यावीत म्हणून असा साठा लागतोच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साठ्याचा भार कुणी सोसायचा याबद्दल. प्रस्तावानुसार साठा फेरीच्या आधी तयार झाला असे धरायचे, म्हणजे तो प्री-मनीतच मोडतो.

मग आकडे असे बसतात. फेरीनंतर एकूण 20,000 शेअर: त्यात फंडाचे 4,000, ईसॉपचे 2,000 आणि संस्थापक-मामांचे मिळून आधीचेच 14,000. शेअरचा भाव 5,714 नव्हे, 5,000 रुपये. जुन्या मंडळींच्या 14,000 शेअरांची या भावाने किंमत 7 कोटी होते. कागदावर 8 कोटींची प्री-मनी लिहिलेली असली, तरी त्यांच्या वाट्याला 7 कोटींचीच आली. उरलेला 1 कोटी अजून नोकरीलाही न लागलेल्या माणसांच्या नावाने बाजूला पडला. तोच साठा फेरीनंतर काढला असता तर सगळ्यांचाच टक्का सारख्या प्रमाणात उतरला असता, फंडाचे 20 टक्के 18 वर आले असते आणि मामांकडे 7.2 टक्के राहिले असते. प्रत्यक्षात राहिले 7. फरक किरकोळ दिसतो; पण प्रत्येक फेरीत साठा पुन्हा भरायला सांगितला जातो आणि दर वेळी भार जुन्यांवरच पडतो, तेव्हा तो साचत जातो. म्हणून अनुभवी संस्थापक ‘व्हॅल्युएशन किती’ यापेक्षा ‘साठा किती आणि कुणाच्या हिश्शातून’ यावर जास्त वेळ घासाघीस करतात. पुढच्या दीड वर्षात नेमकी किती माणसे घ्यायची याची यादी पुढे ठेवली की 10 टक्क्यांचा साठा बहुधा 6-7 वर येतो. ज्यांच्याकडे अशी यादी नसते त्यांना फंडाचा आकडा मान्य करावा लागतो.

सीडच्याही आधी डायल्यूशनचा एक प्रकार घडतो आणि तो भागधारकांच्या नोंदवहीत दिसतही नाही. कंपनीची किंमत आज ठरवायची नाही, पैसे आत्ता घ्यायचे आणि शेअर पुढच्या फेरीत द्यायचे, अशा कन्व्हर्टिबल नोटा किंवा अमेरिकेतल्या ‘सेफ’च्या धर्तीवरचे करार आता भारतातही होतात. त्यात बहुधा किमतीची एक कमाल मर्यादा लिहिलेली असते. पोस्ट-मनी मर्यादा 5 कोटी ठेवून तीन जणांकडून मिळून 75 लाख घेतले, तर कंपनीचे 15 टक्के त्याच दिवशी गेलेले असतात. नोंदवहीत मात्र पुढची फेरी होईपर्यंत सगळे पूर्वीसारखेच दिसते. म्हणून हिस्सा मोजताना ‘फुली डायल्यूटेड’ संख्या घ्यायची असते: दिलेले शेअर, ईसॉपचा साठा, नोटांतून आणि परिवर्तनीय शेअरांतून पुढे होणारे शेअर, सगळे धरून. सोयीसाठी मामांच्या कंपनीत अशा नोटा नाहीत असे मानले आहे.

पुढच्या दोन फेऱ्या सरळ जातात. सीरिज एमध्ये 40 कोटींच्या प्री-मनीवर 10 कोटी येतात. भाव 20,000 रुपये, नवे शेअर 5,000, एकूण 25,000. मामा 7 वरून 5.6 टक्क्यांवर. सीरिज बीमध्ये 200 कोटींच्या प्री-मनीवर 50 कोटी येतात. भाव 80,000 रुपये, नवे शेअर 6,250, एकूण 31,250. मामा 4.48 टक्क्यांवर. चार-पाच वर्षांत 10 टक्के निम्म्याहूनही खाली आले. पण 1,400 शेअर गुणिले 80,000 म्हणजे कागदावर 11 कोटी 20 लाख, तेही 14 लाखांचे. प्रत्येक फेरीत शेअरचा भाव टक्क्याच्या उतारापेक्षा कितीतरी वेगाने चढला. ‘टक्का गेला तरी किंमत वाढते’ हे वाक्य इथपर्यंत शंभर टक्के खरे आहे.

मामांना आपला 7 टक्के हिस्सा टिकवायचा असता तर? त्यासाठी प्रत्येक फेरीत आपल्या टक्क्याइतके नवे शेअर त्याच भावाने घेण्याचा हक्क लागतो. त्याला प्रो-राटा हक्क म्हणतात. सीरिज एमध्ये 5,000 च्या 7 टक्के, म्हणजे 350 शेअर, 70 लाख रुपये. सीरिज बीमध्ये साधारण 438 शेअर, साडेतीन कोटी रुपये. पहिल्यांदा 14 लाख देणाऱ्या माणसाला टक्का राखण्यासाठी दोन फेऱ्यांत 4 कोटी 20 लाख लागले असते. सुरुवातीच्या लहान गुंतवणूकदाराचा टक्का उतरतो तो बहुतेक वेळा कुणी त्याला फसवले म्हणून नव्हे. त्याच्या खिशाची झेप कंपनीच्या भावाइतकी नसते म्हणून. मोठे फंड या कारणासाठी पहिल्या दिवसापासूनच पुढच्या फेऱ्यांसाठी वेगळा पैसा राखून ठेवतात.

कायद्याने हा हक्क मुळात सगळ्यांना दिला आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 62 नुसार नवे शेअर आधी विद्यमान भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करायचे असतात. पण त्याच कलमात बाहेरच्या व्यक्तीला शेअर देण्याची वाटही आहे. त्यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत, शिवाय नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. ज्याच्याकडे 25 टक्क्यांहून जास्त मते आहेत तो असा ठराव अडवू शकतो. 7 टक्के असलेल्या मामांना ते शक्य नाही. म्हणून लहान गुंतवणूकदाराला कलम 62 चा आधार फार पुरत नाही. त्याचा प्रो-राटा हक्क भागधारकांच्या करारात लिहून घ्यावा लागतो आणि तो कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्येही उतरवावा लागतो. नुसत्या करारातली अट कंपनीवर बंधनकारक आहे की नाही यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. नियमावलीत असली की तो प्रश्न उरत नाही.

आतापर्यंत भाव चढता होता. आता समजा बाजार मंदावला, दोन मोठे ग्राहक सुटले आणि सीरिज सीची वेळ आली ती 40,000 रुपयांच्या भावाने. बीच्या निम्म्या. अशा फेरीला डाउन राउंड म्हणतात. 50 कोटी हवे आहेत, म्हणजे 12,500 नवे शेअर. साध्या हिशेबाने एकूण 43,750 शेअर होतात आणि मामांचा हिस्सा 3.2 टक्के. पण हिशेब साधा राहत नाही, कारण मामांचे शेअर आणि फंडांचे शेअर एकाच जातीचे नाहीत.

मामांकडे साधे इक्विटी शेअर आहेत. भारतात फंड बहुतेक वेळा सीसीपीएस घेतात, म्हणजे सक्तीने परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर. पुढे कधीतरी ते इक्विटीत बदलतातच, पण कोणत्या दराने बदलतील हे करारात लिहिलेले असते. सुरुवातीला एकाला एक. डाउन राउंड झाली की अँटी-डायल्यूशनची अट जागी होते आणि बीच्या फंडाच्या एका शेअरचे एकापेक्षा जास्त इक्विटी शेअर होतात. हा जादा हिस्सा मामा, संस्थापक आणि कर्मचारी यांच्या वाट्यातून जातो. ज्यांनी 40,000 पेक्षा कमी भावाने शेअर घेतले त्या सीड आणि एच्या फंडांना ही अट लागू होत नाही. त्यांच्यासाठी भाव पडलेलाच नाही. तेही बीच्या जादा शेअरांमुळे थोडे खाली जातात.

अट दोन प्रकारची असते. कडक प्रकार म्हणजे फुल रॅचेट: बीच्या फंडाने जणू 40,000 नेच शेअर घेतले होते असे धरायचे. मग त्याचे 6,250 शेअर 12,500 होतात, एकूण 50,000 आणि मामा 2.8 टक्क्यांवर येतात. सौम्य आणि जास्त प्रचलित प्रकार म्हणजे ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज. यात पडलेल्या भावाने किती शेअर निघाले हेही विचारात घेतात. आधीच्या 31,250 शेअरांत, 50 कोटींना जुन्या 80,000 च्या भावाने जे 6,250 शेअर मिळाले असते ते मिळवायचे. या बेरजेला आधीचे 31,250 आणि प्रत्यक्ष निघालेले 12,500 यांच्या बेरजेने भागायचे. उत्तर येते 0.857. बीचा 80,000 चा भाव त्या पटीने उतरून सुमारे 68,571 होतो. फंडाचे 6,250 शेअर मग 7,292 च्या आसपास होतात, एकूण सुमारे 44,792, आणि मामा 3.13 टक्क्यांवर. थोड्या पैशासाठी भाव पडला तर या पद्धतीत फरक नगण्य राहतो. फुल रॅचेटमध्ये मात्र पडलेल्या भावाने एक शेअर निघाला तरी पूर्ण धक्का बसतो. नवा गुंतवणूकदारही हे जाणून असतो. त्याला आपला टक्का रॅचेटनंतरच्या संख्येवर हवा असतो. तो तसा अडून बसला तर भाव आणखी खाली जातो, त्यामुळे रॅचेट आणखी फिरते आणि एकाच समीकरणात दोन्ही बाजू एकमेकींना ढकलू लागतात. म्हणून अशा फेरीत बीच्या फंडाला ही अट निदान काही प्रमाणात सोडून द्यायला सांगणे, हीच खरी वाटाघाट असते.

तरीही 3.2 आणि 2.8 मधला फरक मामा सहन करू शकतील. याहून मोठा धक्का टक्क्यात दिसतच नाही. सीसीपीएसबरोबर लिक्विडेशन प्रेफरन्सची अट येते: कंपनी विकली गेली तर फंड आधी आपला घातलेला पैसा काढून घेईल, उरेल ते इतरांत वाटले जाईल. सगळ्यात साध्या रूपात फंडापुढे दोन पर्याय असतात. एक तर घातलेले पैसे परत घ्यायचे, नाहीतर शेअर इक्विटीत बदलून टक्क्याप्रमाणे वाटा घ्यायचा. जे जास्त असेल ते.

मामांच्या कंपनीत फंडांनी घातलेले पैसे 2, 10, 50 आणि 50, मिळून 112 कोटी. वेटेड अॅव्हरेजची अट लागू झाली असे धरू या आणि समजा कंपनी 120 कोटींना विकली गेली. 3.13 टक्क्यांच्या हिशेबाने मामांना 3 कोटी 75 लाख मिळायला हवेत. पण ए, बी आणि सीचे फंड आपापले पैसे परत मागतात, कारण इक्विटीत बदलून त्यांना कमीच मिळेल. सीडच्या फंडाला दोन्ही पर्याय योगायोगाने सारखेच पडतात. फंडांचे 112 कोटी गेल्यावर उरतात 8 कोटी. ते संस्थापक, मामा आणि ईसॉपवाले यांच्या 16,000 शेअरांत वाटायचे, म्हणजे शेअरला 5,000 रुपये. मामांच्या हातात 70 लाख पडतात. वृत्तपत्रात ‘120 कोटींना विक्री’ अशी बातमी येते आणि नातेवाईक अभिनंदनाचे फोन करतात. हीच विक्री 112 कोटींना किंवा त्याहून कमीला झाली असती तर मामांना काहीच मिळाले नसते. ईसॉपचा काही साठा वाटलाच गेला नसेल तर तो रद्द होतो आणि उरलेल्यांना थोडे जास्त मिळते, एवढाच दिलासा. सगळ्या फंडांना शेअर इक्विटीत बदलणे फायद्याचे वाटेल अशी किंमत या कंपनीसाठी साधारण 307 कोटींच्या पुढे सुरू होते. मामांचे 3.13 टक्के खऱ्या अर्थाने 3.13 टक्के होतात ते तिथपासून. त्याच्या खाली टक्का हा फक्त नोंदवहीतला आकडा आहे.

म्हणून कंपनीने खूप पैसे उभे केले ही बातमी सुरुवातीच्या भागधारकासाठी नेहमीच आनंदाची नसते. प्रत्येक नवी फेरी म्हणजे त्याच्या पुढे रांगेत उभा राहणारा आणखी एक माणूस. प्रेफरन्स दीडपट किंवा दुप्पट लिहिली असेल, किंवा आधी पैसे घेऊन वर पुन्हा टक्क्याप्रमाणे वाटाही घ्यायचा अशी ‘पार्टिसिपेटिंग’ अट असेल, तर रांग आणखी लांबते. वाढीव व्हॅल्युएशनचा मान राखण्यासाठी संस्थापक अनेकदा अशा अटी कबूल करतात: आकडा मोठा छापून येतो, किंमत मामांसारखे लोक मोजतात.

हे सगळे कायदेशीर डायल्यूशन झाले. बेकायदा प्रकारही असतो. कंपनीला पैशाची खरी गरज नसताना, केवळ एखाद्याचा हिस्सा दाबण्यासाठी, नियंत्रण असलेल्या माणसाने स्वतःच्या नावे नवे शेअर काढणे. ‘डेल अँड कॅरिंग्टन’ या खटल्यात एका खासगी कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाने असेच शेअर स्वतःला देऊन बहुमतातल्या भागधारकाला अल्पमतात ढकलले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ते वाटप अवैध ठरवले. शेअर काढण्याचा अधिकार संचालकांना कंपनीच्या हितासाठी, विश्वस्ताच्या नात्याने मिळालेला असतो, स्वतःच्या फायद्यासाठी नव्हे, ही त्यामागची भूमिका. अमेरिकेत फेसबुकचे सहसंस्थापक एदुआर्दो साव्हेरिन यांचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा नवे शेअर काढून 10 टक्क्यांच्या खाली आणला गेला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि शेवटी तडजोड झाली.

खऱ्या गरजेची फेरी आणि असा डाव यांतला फरक बाहेरून ओळखायला काही खुणा आहेत. खऱ्या फेरीत बाहेरचा माणूस पैसे घालतो, भाव मूल्यांककाच्या अहवालाशी जुळतो आणि सभेची नोटीस प्रत्येक भागधारकाला येते. डावात नवे शेअर आतल्याच माणसाला, दर्शनी किमतीच्या आसपास मिळतात आणि नोटीस ‘पोस्टात हरवलेली’ असते. शेअर वाटल्यावर कंपनीला निबंधकाकडे PAS-3 हा अर्ज भरावा लागतो. त्यात कुणाला किती शेअर कोणत्या भावाने दिले हे लिहिलेले असते. वार्षिक MGT-7 मध्ये भागधारणेचा तपशील असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून हे कागद कुणालाही पाहता येतात. संस्थापक पाठवतात ती कॅप टेबलची एक्सेल फाइल आणि हे दोन अर्ज शेजारी ठेवले की तफावत असल्यास लगेच दिसते. फक्त ईसॉपचा साठा आणि न बदललेल्या नोटा या अर्जांतून नीट कळत नाहीत, त्या विचारूनच घ्याव्या लागतात.

कंपनी शेअर बाजारात आली की या विशेष अटी बहुतांशी संपतात, कारण सेबीच्या नियमांनुसार परिवर्तनीय शेअर त्याआधी इक्विटीत बदलावे लागतात. प्रेफरन्सची रांग मोडते आणि सगळे एका पातळीवर येतात. पण आयपीओतही कंपनी स्वतःसाठी पैसे उभे करत असेल तर नवे शेअर निघतात, म्हणजे तीही डायल्यूशनची एक फेरीच. झोमॅटोचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने 2010 मध्ये त्यात सुमारे 4.7 कोटी रुपये घातले. पुढच्या काही फेऱ्यांत ती एकटीच मोठी गुंतवणूकदार होती आणि सतत नवे शेअर घेत होती. त्यामुळे 2013 च्या सुमाराला तिचा हिस्सा उतरण्याऐवजी चढून 50 टक्क्यांच्या वर गेला होता. नंतर परदेशी फंड मोठमोठ्या रकमा घेऊन आले, इन्फो एजने प्रत्येक फेरीत तेवढे पैसे घातले नाहीत आणि जुलै 2021 च्या आयपीओआधी हिस्सा 18 टक्क्यांच्या आसपास उरला. सहसंस्थापक दीपिंदर गोयल यांच्याकडे तेव्हा सुमारे 5.5 टक्के होते.

त्या आयपीओतल्या 9,375 कोटींपैकी 9,000 कोटींचे शेअर नवे होते. उरलेले 375 कोटींचे इन्फो एजने स्वतःचे विकले. या दोन्हींमुळे तिचा हिस्सा 15 टक्क्यांवर आला. 76 रुपयांच्या भावाने कंपनीची किंमत 60,000 कोटींच्या आसपास होती, म्हणजे त्या 15 टक्क्यांचे मोल जवळजवळ 9,000 कोटी. मात्र आयपीओआधीच्या भागधारकांना त्या वेळच्या नियमानुसार वर्षभर शेअर विकता येत नव्हते. ती मुदत जुलै 2022 मध्ये संपली. त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी, 25 जुलैला, झोमॅटोचा शेअर एका दिवसात 11 टक्क्यांहून जास्त घसरून 50 रुपयांच्या खाली गेला.